‘महागडी चूक’ की ‘महागात पडली असती अशी चूक’?

प्रश्न: मी एका कारखान्याच्या हिशेबखात्यात टीम लीड आहे. शेडचे पत्रे बदलल्याचं ८,४७,२४० रुपयांचं एक मजुरीचं बिल आमच्याकडे दोनदा चढलं होतं, एकदा मेलवरच्या पीडीएफवरून आणि पुन्हा कागदी प्रतीवरून. साठेक पेंडिंग बिलं क्लिअर करताना आमच्या एका सहकारी ताईंनी (माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या) ते ओळखलं. सोमवारी मीटिंगमध्ये दोन मिनिटं बोलायचंय. मी लिहिलंय: ‘प्रलंबित बिले निपटवताना ताईंनी एक महागडी चूक पकडली आणि कंपनीचे साडेआठ लाख वाचवले. त्यांना शाबासकी!’ काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही. ‘महागडी चूक’ चालतं का?

उत्तर:

‘महागडी चूक’ वाचून अर्थ कळतो, पण कान अडखळतो. महागडी असते ती विकत घ्यायची वस्तू किंवा पैसे मोजून मिळणारी सेवा: महागडी साडी, महागडं हॉटेल, महागडे उपचार. तिच्यावर किंमत आधीच लावलेली असते आणि ती आपण जाणूनबुजून मोजतो. चूक कुणी दुकानात जाऊन घेत नाही. तिची किंमत मागाहून कळते. असं मागाहून कळणाऱ्या किमतीसाठी मराठीत विशेषण नाही, क्रियापद आहे: पडणे.

हे ‘पडणे’ रोजच्या बोलण्यातलंच आहे. ‘शर्ट कितीला घेतलास?’ आणि ‘शर्ट कितीला पडला?’ हे दोन प्रश्न एक नाहीत. पहिल्याचं उत्तर चिठ्ठीवर छापलेलं असतं. दुसऱ्यात रिक्षाचं भाडं, सूट, ढिला म्हणून शिंप्याकडे टाकला त्याचे पैसे, असं सगळं धरून शेवटी खिशातून किती गेले ते विचारलेलं असतं. ‘घरपोच किती पडेल?’ असं विचारणारा माणूसही तोच हिशेब मागत असतो. म्हणून चूक ‘महागात पडते’. त्यातलं ‘महागात’ हे ‘स्वस्तात’ आणि ‘फुकटात’ यांच्याच घरातलं: स्वस्तात सुटला, फुकटात मिळालं, महागात पडलं.

क्रिकेटच्या मराठी समालोचनात ‘महागडं षटक’ छान रुळलंय, मग चूक का नाही, असं कुणी म्हणेल. पण षटकात गोलंदाज धावा ‘देतो’, देण्याघेण्याचा हिशेब तिथे उघड असतो. तोच समालोचक झेल सुटला की ‘महागडा झेल’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘हा झेल सोडणं महागात पडणार.’ माणूस बोलण्याच्या भरात असला की भाषा आपोआप नीट येते. भाषण लिहायला बसलं की मात्र इंग्रजी ईमेलमधले शब्द आधी हाताशी येतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ही चूक महागात पडलीच नाही, पडली असती. तुमच्या वाक्यात हा ‘असती’ कुठेच नाही, आणि ताईंचं सगळं काम तर त्यातच आहे. ‘महागडी चूक पकडली’ ऐकून नवख्याला वाटेल की नुकसान होऊन गेलं आणि नंतर कुणीतरी कारण शोधलं.

आता ‘साडेआठ लाख वाचवले’. मी स्वतः हिशेबखात्यात उमेदवारी केलेला माणूस, त्यामुळे इथे मला शब्दापेक्षा आकडा टोचला. दुसऱ्यांदा गेलेले पैसे बुडाले असते का? बहुधा नाही. कंत्राटदार सरळ असता तर त्याने पुढच्या बिलातून वळते करून दिले असते, पण पुढचं बिल असायला हवं. शेडचं काम संपलेलं, तो दुसऱ्या गावी निघून गेलेला, मग फोन करत बसा. अशा पैशांना आपल्याकडे ‘अडकले’ म्हणतात. ‘बुडाले’ म्हणजे हात धुऊन बसायचं, ‘अडकले’ म्हणजे मिळतील, पण कधी ते देव जाणे. तुम्ही ‘अडकले असते’ म्हणा. मीटिंगमध्ये बसलेले सगळे हिशेबातलेच आहेत. फुगवलेला आकडा ते मनातल्या मनात कापतील आणि त्यासोबत कौतुकही कापलं जाईल. ‘साडेआठ’ही म्हणू नका, पुरी रक्कम सांगा. ७,१८,००० वर १८ टक्के जीएसटी १,२९,२४० म्हणजे ८,४७,२४०, हे त्या खोलीत कुणीही तोंडी जुळवून पाहील.

‘पकडली’ हा शब्द व्याकरणात बसतो. अडचण आहे ती त्या खोलीत. आपण पकडतो चोराला, कॉपी करणाऱ्याला. चूक पकडली म्हटलं की श्रोते मान वळवून चूक करणाऱ्याला शोधू लागतात, आणि ज्याने कागदी प्रत पुन्हा चढवली तो मुलगा बहुधा तिसऱ्या खुर्चीत बसलेला असेल. ‘चूक काढली’ तर आणखी वाईट, चुका काढणारा माणूस कुणालाच नको असतो. ‘शोधली’ म्हटलं तर ताई मुद्दाम शोधायला निघाल्या होत्या असं होतं, ‘सापडली’ म्हटलं तर सगळं श्रेय नशिबाला जातं.

मग काय म्हणायचं? तुम्हीच प्रश्नात लिहिलंय: ‘काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही.’ ताईंच्या बाबतीत अगदी हेच झालं असणार. भात खाताना दाताखाली खडा यावा तसं खटकणं असतं. कारण मागाहून कळतं, घास आधी थांबतो. ही चूक पकडण्यासारखी नव्हती, खटकण्यासारखीच होती, हे जरा तपशिलात पाहण्यासारखं आहे.

असं दुबार बिल कुठून शिरतं? माल आला असता तर गेटवर नोंद झाली असती, गोदामाने माल मिळाल्याची पावती केली असती, आणि एकाच मालावर दुसरं बिल चढवताना सॉफ्टवेअर अडलं असतं. मजुरीच्या बिलाला गेट नसतं. सुपरवायझरची सही झाली की ते पुढे सरकतं. सुपरवायझरने कागदी प्रतीवर सही केली, पीडीएफला ‘काम पूर्ण’ असं मेलवर उत्तर दिलं, आणि दोन्ही वेळा तो खरंच बोलत होता. उरला बिलाचा नंबर. तुम्ही तो दिलेला नाही, पण मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत गोष्ट अशी घडते: एकाने पुरा नंबर टाकला `SE/417/24-25`, दुसऱ्याने घाईत `SE-417`. माणसाला ते एकच दिसतं. सॉफ्टवेअर अक्षराला अक्षर लावून बघतं, त्याच्या लेखी ही दोन वेगळी बिलं. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला येणाऱ्या GSTR-2B मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टल बनवतं त्या यादीत, ते बिल एकदाच दिसलं असतं आणि कराचा मेळ घालताना बोंब झाली असती, पण तोवर पेमेंट सुटून गेलेलं असतं.

म्हणजे यंत्रणेला काहीच खटकलं नाही, ताईंना खटकलं. बहुधा रकमेमुळे. ८,४७,२४० हा आकडा महिन्यात दोनदा डोळ्यांखालून जाणं म्हणजे एकाच माणसाला एका दिवसात दोनदा निरोप देण्यासारखं आहे. त्यानंतर खात्री करायला फार वेळ लागत नाही. ई-इन्व्हॉइस असेल तर त्यावरचा आयआरएन, म्हणजे तो ६४ अक्षरांचा लांबलचक नंबर, दोन्ही प्रतींवर जुळवून बघायचा. नंबर कुणी हाताने कसाही टाको, आयआरएन एका बिलाला एकच असतो. अवघड काम हे नव्हतं. साठ बिलांच्या गठ्ठ्यात हात थांबणं हे अवघड होतं, आणि भाषणात तेच सांगायला हवं.

इथेच ‘निपटवताना’ची गोष्ट येते. विदर्भात हा शब्द घरचा आहे, तिथे बोलणार असाल तर खुशाल ठेवा. इतरत्र त्याला हिंदीचा वास येतो, पण तेवढ्यासाठी मी तो काढला नसता. खरं कारण असं की निपटवणे काय नि उरकणे काय, दोन्हींत ‘एकदाचं संपवलं’ हा सुटकेचा सूर आहे. जेवण उरकलं, पाहुणे उरकले. बिलं उरकणाऱ्या माणसाला काही खटकत नाही, त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं. ‘निकाली काढणे’ कोर्टकचेरीचं. ‘हातावेगळी करणे’ चांगलं आहे, त्यात काम पुरं झाल्याचं समाधान आहे. पण तुमच्यासाठी मी ‘मार्गी लावणे’ निवडेन, कारण बिलाला खरोखरच मार्ग असतो, तपासणी, मंजुरी, पेमेंट असा. आणि मग एक वाक्य आपसूक मिळतं: बाकीची मार्गी लावली, हे एक अडवलं.

शाबासकीचं थोडक्यात. शब्द फारसीतला, ‘शाद बाश’ म्हणजे आनंदी राहा. पण मराठीत ती पाठीवर थाप मारून दिली जाते, आणि थाप वरून खाली येते. दहा वर्षांनी मोठ्या ताईंना तुम्ही ती दिलीत तर त्या हसून घेतील, एवढंच. ‘कौतुक करतो’ मध्येही किंचित तोच उंचवटा आहे. ‘कौतुक वाटतं’ म्हणा, तो उतरतो. आणि आभार माना, कारण मंजुरीची शेवटची सही तुमची असणार होती ना?

एक गोष्ट तुम्ही नकळत बरोबर केली आहे. प्रश्नात तुम्ही ‘बिल दोनदा चढलं होतं’ लिहिलंय, ‘चढवलं’ नाही. त्या एका ‘व’ने कर्ता पुढे आला असता आणि तिसऱ्या खुर्चीतल्या मुलाची मान खाली गेली असती. भाषणातही तसंच ठेवा.

मी असं बोललो असतो:

‘मंडळी, दोनच मिनिटं घेतो. गेल्या आठवड्यात ताई रखडलेली बिलं मार्गी लावत होत्या. साठेक होती. त्यांतलं पत्र्याच्या कामाचं एक बिल त्यांना खटकलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं, जुनी नोंद काढली, दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या. एकच बिल आपल्याकडे दोनदा चढलं होतं. सॉफ्टवेअरला ते कळलं नाही, सुपरवायझरची सही बरोबर होती, आणि खरं सांगायचं तर माझ्यापुढे आलं असतं तर मीही सही केली असती. ८,४७,२४० रुपये अडकले असते आणि आपण सगळे कंत्राटदाराला फोन लावत बसलो असतो. बाकीची बिलं ताईंनी पुढे पाठवली, हे एक अडवलं. ताई, घाईच्या दिवसांत तुमचा हात थांबला याचं मला फार कौतुक वाटतं. मनापासून आभार. आता ते नेमकं काय खटकलं, ते तुम्हीच सांगा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. रकमेमुळे खटकलं हा माझा अंदाज आहे, ताईंचं उत्तर वेगळं असू शकतं. आणि टेबलाभोवतीच्या मंडळींना पुढच्या गठ्ठ्यात उपयोगी पडेल ते तेच.