कुत्रा, नाग आणि भुलेश्वरचा पांजरपोळ

प्रश्न : सगळ्याच धर्मांत कुठला ना कुठला प्राणी पवित्र असतो. मग शेवटी सगळीकडे भूतदयाच आहे असं म्हणता येईल ना?

नाही म्हणता येणार. मुंबईचीच गोष्ट घ्या. 1832 च्या जून महिन्यात इथे कुत्र्यांवरून दंगल झाली. मोकाट कुत्री मारायचा सरकारी हुकूम होता, मारणाऱ्याला कुत्र्यामागे पैसे मिळायचे, त्यामुळे शिपाई पाळीव कुत्रीसुद्धा सोडेनात. पारशी चिडले, आणि त्यांच्यासोबत जैन आणि हिंदूही रस्त्यावर आले. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचा आसरा, निघाला. तो आजही आहे. लोक दारात चाऱ्याची पेंढी विकत घेऊन गायींना घालतात.

सगळे एकत्र आले खरे, पण कारणं वेगळी होती. पारशांच्या अंत्यविधीत ‘सगदीद’ असतो : प्रेताला कुत्र्याची नजर दाखवायची. त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा उत्तम. वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथात तर कुत्र्याला वाईट अन्न देणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. म्हणजे इथे कुत्र्याला मान आहे तो त्याच्या कामामुळे. जैनांकडे कुत्र्याला असा खास दर्जा नाही. त्यांच्या लेखी मुंगीही जीवच. म्हणून जैन परंपरेच्या पांजरपोळात तडफडणाऱ्या जनावरालाही सहसा इंजेक्शन देऊन मारत नाहीत, आणि पशुवैद्यांशी खरा वाद तिथेच होतो.

आता कुत्र्याच्या जागी साप ठेवा, की ही युती मोडते. त्याच वेंदिदादमध्ये साप, बेडूक, मुंग्या हे ‘ख्रफ्स्त्र’, म्हणजे दुष्ट शक्तीने निर्माण केलेले जीव. ते मारणं पुण्याचं. जैनांना ते पाप. आणि आपण नागाला देव मानतो.

पण देव मानल्याने नाग सुखी होतो असं नाही. लहानपणी पंचमीला आमच्या दारात गारुडी यायचा आणि आजी वाटीभर दूध पुढे करायची. नाग ते प्यायचा, म्हणून आम्ही खूश. खरं तर त्याला आधी कित्येक दिवस पाणी दिलेलं नसतं, म्हणून तो मिळेल ते पितो. सापाला दूध पचत नाही, आणि जबरदस्तीने पाजलं तर ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. दात तर बहुधा आधीच उपटलेले असतात, त्याची जखम तोंडात सडते. तोंडाशी सूज किंवा पू दिसला तर ओळखावं. वन्यजीव कायद्याखाली नाग पकडणं गुन्हाच आहे. बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागपूजेवर उच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा ‘आमची श्रद्धा’ म्हणून बराच ओरडा झाला. गावकऱ्यांचं दुःख मला कळतं, पण नागाच्या तोंडातली जखम श्रद्धेने भरत नाही.

गंमत म्हणजे आजीच्याच रीतीत दुसरी वाट होती. त्या दिवशी जमीन खणायची नाही, विळीवर चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही; जेवणाला उकडलेली पुरणाची दिंडं. नाग पाटावर गंधाने काढायचा. पुढे गारुडी यायचा बंद झाला, तेव्हा पूजेत काही कमी पडलंय असं आजीला कधी वाटलं नाही.