लंपी: सातपैकी एक गाय आजारी

सिन्नरजवळ गोठा आहे, सात गाई. एकीला लंपीच्या गाठी आल्यात. बाकीच्या कशा वाचवू? दूध चालेल का?

आजारी गाय आजच लांब बांधा. तिची बादली, दावं वेगळं ठेवा, धारही शेवटी काढा. पण दहा फुटांवर बांधून उपयोग नाही, कारण रोग मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो. आमच्याकडे उकिरडा गोठ्याला लागूनच होता, तिथेच माश्या वाढत होत्या. शेण, ओला चारा रोज लांब हलवा, मूत साचू देऊ नका, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करा. गोचिडाचं औषध डॉक्टरांना विचारूनच फवारा.

हा विषाणू आहे, त्याच्यावर थेट औषध नाही. ताप, सूज आणि जखमांतला संसर्ग डॉक्टर सांभाळतील. तुम्ही पाणी, मऊ हिरवा चारा द्या. फुटलेल्या गाठी रोज धुऊन मलम लावा, नाहीतर अळ्या पडतात. उरलेल्या सहा निरोगी दिसल्या तरी आधी ताप बघा, मगच लस.

लंपी माणसाला होत नाही, दूध उकळून प्या. मात्र अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस डेअरीला घालू नका. सडावर गाठी असतील तर वासराला पाजू नका, उकळून कोमट केलेलं दूध द्या.