ठरावाच्या वाक्यातली यादी

> «सोसायटीचा ठराव लिहिलाय: ‘समितीने हिशेब तपासणे, थकबाकी वसूल करणे आणि सभासदांना नोटीस पाठवावी असे ठरले.’ एक काका म्हणतात वाक्य गडबडलंय. नेमकं काय चुकलं?»

काकांचं बरोबर आहे. दोन ‘णे’ आणि तिसरं ‘वी’, त्यामुळे गाडी रुळावरून घसरली. ‘समितीने हिशेब तपासावेत, थकबाकी वसूल करावी आणि सभासदांना नोटीस पाठवावी’ असं करा. ‘तपासावेत’ आणि ‘करावी’ यांचे शेवट वेगळे दिसतात, पण ती चूक नाही. हिशेब अनेकवचनी पुल्लिंगी, थकबाकी स्त्रीलिंगी. क्रियापदाचा साचा एकच आहे, तो महत्त्वाचा.

तुमचं निदान कळतंय तरी. माझ्या ठरावाने आमचा अख्खा पावसाळा घालवला. कोथरूडला आमच्या सोसायटीची मी सचिव होते तेव्हा लिहिलं होतं: ‘लिफ्टची दुरुस्ती, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणे आणि रंगकामासाठी दरपत्रके मागवण्यास सभेची मंजुरी आहे.’ आम्हाला म्हणायचं होतं की पहिली दोन कामं मंजूर, रंगाचे फक्त दर मागवायचे. पण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि मागची सगळी यादी स्वतःकडे ओढून घेतं. कार्यालयातल्या साहेबांनी वाचलं की तिन्ही कामांची नुसती दरपत्रकं मंजूर आहेत, कामं नाहीत. कागद परत. काय खटकलं ते कुणी सांगेना, ‘ठराव सुस्पष्ट नाही’ एवढाच शेरा. तीन खेपा मारल्यावर एका क्लार्कबाईंनी ‘मागवण्यास’ या शब्दावर पेन टेकवलं. हेच पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं का? मग पुन्हा नोटीस, पुन्हा सभा, आणि वरच्या मजल्यावर तोवर बादल्या लागलेल्या.

तेव्हापासून मी यादीतली एकेक बाब उचलून शेवटच्या शब्दांना जोडून वाचते. ‘लिफ्टची दुरुस्ती मागवण्यास मंजुरी’? नाही बसत. ‘वॉटरप्रूफिंग करणे मागवण्यास’? तेही नाही. म्हणजे या तीन बाबी एकाच ‘मागवण्यास’वर टांगता येत नाहीत. नंतर असं लिहिलं: ‘लिफ्टची दुरुस्ती करण्यास आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग करण्यास सभेने मंजुरी दिली. रंगकामासाठी केवळ दरपत्रके मागवावीत असे ठरले.’ ‘करण्यास’ दोनदा येतं म्हणून कानाला जड वाटेल. ठरावात ते जड असू द्या. प्रत्येक बाबीला प्रत्यय लावलाच पाहिजे असा नियम मात्र नाही. ‘लिफ्ट, पंप आणि टाकीसाठी’ हे बिनधोक आहे, कारण तिन्ही साधी नामं आहेत.

तुलनेतही हेच होतं. ‘आमचे देखभाल शुल्क शेजारच्या सोसायटीपेक्षा जास्त आहे’ यात शुल्काची तुलना चक्क सोसायटीशी झाली. बोलताना चालतं, तक्रारीच्या अर्जात ‘शेजारच्या सोसायटीच्या शुल्कापेक्षा’ असंच लिहा.

मी व्याकरणाची शिक्षिका नाही, आणि वसुलीच्या ठरावात कायद्याचे शब्द कोणते हवेत ते वकिलांनाच विचारा. पण तुमच्या वाक्यात नोटीस थकबाकीदारांनाच पाठवायची आहे ना? मग ‘सभासदांना’ऐवजी ‘थकबाकीदार सभासदांना’ लिहा, नाहीतर नियमित पैसे भरणारेही भांडायला येतील.