‘कोऽऽण आलंऽऽ?’ विचारल्यावर थांबा

“ताई, माझी मुलगी सात महिन्यांची आहे. सासूबाई तिच्याशी सारख्या हेल काढून लाडेलाडे बोलतात. अशाने ती बोबडी होईल का? आणि मी किंवा तिचे बाबा नीट बोललो, तर ती आमच्याकडे बघतही नाही.”

असंच एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. तेव्हा मी आधी बाबांना बाळाशी बोलायला सांगितलं. त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, “काय गं, कशी आहेस? जेवलीस का? झोप झाली?” तीन प्रश्न एका दमात, एकाच पट्टीत. मुलगी खुर्चीला लटकलेल्या पिशवीकडे बघत राहिली.

मग आजी पुढे झाल्या. बाळाच्या तोंडापासून हातभर अंतरावर वाकल्या आणि आवाज चढवत म्हणाल्या, “कोऽऽण आलंऽऽ?” आणि गप्प बसल्या. आधी बाळाची नजर वळली, मग पाय हलले, ओठ उघडले. पाचेक सेकंदांनी आवाज आला, “आऽ!” आजी लगेच म्हणाल्या, “आऽऽजी आली, होऽऽ!”

चढउतार असलेला, ताणलेला सूर ‘हे तुझ्यासाठी आहे’ असं बाळाला सांगतो. १९९० साली कूपर आणि ॲस्लिन या संशोधकांना दोन दिवसांच्या बाळांमध्येही या सुराची ओढ दिसली. पण माझ्या मते आजींचं खरं कसब गप्प बसण्यात होतं. ऐकायचं, तोंड हलवायचं, आवाज काढायचा, याला बाळाला वेळ लागतो. बाबांचा पुढचा प्रश्न त्याआधीच येऊन पडत होता.

त्या बाबांना मी एवढंच सांगितलं: घरी आल्यावर हातपाय धुऊन बाळासमोर बसा, एकच हाक ताणून मारा आणि मनात सातपर्यंत मोजा. पाय मारले, हुंकार दिला, तरी ते उत्तरच समजा आणि तोच आवाज तिला परत द्या. तिने मान फिरवली, जांभई दिली किंवा पाठ ताणली, तर तिला थोडी विश्रांती हवी आहे. तेव्हा पुन्हा पुन्हा हाका मारू नका. पहिले तीन दिवस काहीच घडलं नाही, ते हिरमुसले. चौथ्या दिवशी “बाऽऽबा आला!” म्हटल्यावर किंकाळीवजा उत्तर मिळालं.

बोबडेपणाचं म्हणाल, तर सूर आणि शब्द वेगळे करून बघा. “गाऽऽडी आली” म्हणताना हेल कितीही काढा, पण ‘गाडी’ची ‘दाली’ करू नका. सासूबाईंना हेल सोडा म्हणू नका, शब्द तेवढे नीट ठेवायला सांगा.

एक मात्र तपासा. आजींकडेही ती फक्त चेहरा दिसल्यावरच वळते का? मागून, न दिसता हाक मारून बघा, वेगवेगळ्या वेळी. वारंवार वळली नाही, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्या. जन्मानंतरची चाचणी ठीक आली असली, तरीही.