स्क्रीनशॉट पाहून पार्सल पाठवू नका

नवीन विक्रेत्याने एक सवय आधी लावून घ्यावी: पैसे आले का, हे ग्राहकाच्या स्क्रीनशॉटवर नाही, आपल्या बँकेच्या अ‍ॅपमधल्या व्यवहारांच्या यादीत पाहायचं. स्क्रीनशॉटवरची रक्कम, नाव, तारीख सगळं बदलता येतं. हुबेहूब 'पेमेंट यशस्वी' दाखवणारी बनावट अ‍ॅपही असतात, त्यामुळे फॉन्ट वाकडा आहे का हे शोधत बसण्यात अर्थ नाही. नीट बनवलेला स्क्रीनशॉट नजरेने पकडता येत नाही.

नेहमीचा डाव असा असतो. ऑर्डर ८५० ची, स्क्रीनशॉट ८,५०० चा. पाठोपाठ 'खात्यात जमा' असा मेसेज येतो, आणि लगेच फोन: "चुकून एक शून्य जास्त पडलं, ७,६५० परत करा, दवाखान्यात आहे." मेसेज कोणाकडून आला ते पाहा. साध्या मोबाइल नंबरवरून आला असेल तर तो त्यानेच टाइप केलेला आहे. यादी उघडा, शिल्लक पाहा. नोंद नसेल तर परत करण्यासारखं काही नाहीच.

नोंद खरी असली तरी स्वतःहून दुसऱ्या नंबरवर पैसे पाठवू नका. ती रक्कम तिसऱ्याच कुणाची, फसवून घेतलेली असू शकते, आणि तक्रार झाली की गोठतं ते तुमचं खातं. बँकेला कळवा, मूळ व्यवहार उलटवायचा का आणि कसा, ते तीच पाहील.

'पैसे घ्यायला पिन टाका' म्हणाला, तर फोन ठेवा. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही.