चरायला मोकळी सोडलेली गाय औषध दिले की बरी होते, पण पोट पुन्हा फुगते. प्लॅस्टिक गेले असेल का?

शक्यता बरीच आहे, कारण प्लॅस्टिक न पचता पहिल्या पोटात साठून त्याचा पीळदार गोळा होतो, तो अन्नाची आणि वायूची वाट अडवतो आणि औषधाने वायू सुटला तरी गोळा जागेवरच राहतो. अशा गाईची भूक हळूहळू कमी होते, रवंथ मंदावतो आणि शेण थोडे पडते. डाव्या भकाळीवर मूठ दाबली तर आत मळलेल्या कणकेसारखे लागते आणि खळगा सावकाश भरतो. गाय पाठ कमानीसारखी धरून, कोपरे बाहेर काढून उभी राहत असेल, उतारावर चालायला कां-कूं करत असेल आणि दूध एकाएकी घटले असेल, तर मात्र तार किंवा खिळ्याचा संशय घ्यावा, कारण जाळीदार पोटातून तो छाती आणि पोटामधला पडदा भेदून हृदयापर्यंत जाऊ शकतो. पोटात सोडायचे चुंबक लोखंड धरून ठेवते. प्लॅस्टिकवर त्याचा उपयोग नाही. प्लॅस्टिक सहसा पशुवैद्यकांनी डाव्या कुशीत छेद देऊनच काढावे लागते, आणि एक्स-रेमध्ये ते नीट दिसत नसल्याने पक्के निदानही अनेकदा तेव्हाच होते.

टाळण्यासाठी:
- उपाशी गाय चरायला सोडू नये.
- खनिज मिश्रण नियमित द्यावे. फॉस्फरस कमी पडला की जनावर अखाद्य वस्तू चघळते.
- उष्टे अन्न पिशवीची गाठ मारून टाकू नये, कारण वासामुळे गाय ते पिशवीसकट गिळते.