प्रोसेसिंग फी आणि शेअर इश्यूचा खर्च एनपीव्हीत कुठे धरायचा?

प्रश्न: एनपीव्ही काढताना व्याज कॅश फ्लोमध्ये धरत नाहीत, मग लोनची प्रोसेसिंग फी आणि शेअर काढायचा खर्च सुरुवातीच्या गुंतवणुकीत का मिळवायचा?

व्याज सोडून देत नाही आपण, ते डिस्काउंट रेटमध्ये असतं. बारा टक्क्यांनी डिस्काउंट केलं म्हणजे बँकेचं व्याज आणि शेअरहोल्डरची अपेक्षा दोन्ही वसूल करून घेतली, म्हणून ते कॅश फ्लोमधून परत वजा केलं तर दोनदा कापल्यासारखं होतं. प्रोसेसिंग फीचं तसं नाही, ती एकदाच जाते, पहिल्याच दिवशी, आणि मशीनच्या बिलासारखीच खिशातून जाते. साध्या व्याजदरावरून काढलेल्या रेटमध्ये तिचा पत्ताच नसतो, म्हणून ती शून्याव्या वर्षात टाकायची.

आकडे घेऊन बघा. प्लांटला ५ कोटी लागतात, त्यात ३ कोटी टर्म लोन १०.५ टक्क्यांनी, आणि २ कोटी शेअर प्रायव्हेट प्लेसमेंटने. बँकेची फी १ टक्का, ती लोनच्या रकमेतूनच कापून घेणार, आणि शेअरचा खर्च (सल्लागार, व्हॅल्युएशन, स्टँप ड्युटी वगैरे) ४ टक्के. इथे बहुतेक जण २ कोटीचे ४ टक्के म्हणजे ८ लाख धरतात आणि तिथेच चुकतं, कारण हातात पूर्ण २ कोटी यायला हवे असतील तर शेअर २ कोटींपेक्षा जास्तीचे काढावे लागतात आणि त्या जास्तीच्या रकमेवरही खर्च लागतो. म्हणून भागायचं:

```
200 / (1 - 0.04) = 208.33
300 / (1 - 0.01) = 303.03
```

आकडे लाखांत. म्हणजे खर्च ८.३३ आणि ३.०३, एकूण ११.३६ लाख, आणि सुरुवातीची गुंतवणूक ५०० ऐवजी ५११.३६ लाख. बँकेने फी वेगळी करंट अकाउंटमधून घेतली तर मात्र सरळ ३ लाखच धरा, भागाकार नको. फीवरचा जीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून मिळत असेल तर तो धरू नका, मिळत नसेल तर तोही खर्चच.

आता पाच वर्षं दरवर्षी टॅक्सनंतर १४० लाख येणार आणि रेट १२ टक्के, तर त्यांची आजची किंमत ५०४.६७ लाख. फी न धरता एनपीव्ही +४.६७ लाख, फी धरून −६.६९ लाख. फी विसरली तर तुम्ही तोट्यातल्या प्रोजेक्टला हो म्हणताय.

टॅक्सची बाजू दोन्ही खर्चांची वेगळी आहे. भारतात लोनची फी व्याजासारखी धरून वजावट मिळते, त्यामुळे ३.०३ लाखावर २५ टक्क्यांनी साधारण ७५ हजार टॅक्स वाचतो, तो ज्या वर्षी वाचेल त्या वर्षाच्या कॅश फ्लोत टाका (मशीन वापरात यायच्या आधीची फी असेल तर ती मशीनच्या किमतीत जाते आणि फायदा घसाऱ्यातून हळूहळू मिळतो). शेअर वाढवायचा खर्च मात्र सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये ब्रुक बाँडच्या केसमध्ये भांडवली खर्च ठरवलाय, तो नफ्यातून सरळ वजा होत नाही. पब्लिक इश्यू असेल तर पाच वर्षांत वाटून वजावट मिळायची सोय आहे, पण आपल्या उदाहरणात प्रायव्हेट प्लेसमेंट आहे, म्हणून त्या ८.३३ लाखावर शून्य. पहिल्या वर्षअखेरीस ते ७५ हजार आले तरी त्यांची आजची किंमत ६८ हजार, एनपीव्ही साधारण −६ लाखांवरच राहतो.

माझ्याकडे एक फाईल आली होती, तिच्यात फी आउटलेमध्ये होती आणि लोनचा रेट १०.९ टक्के घेतलेला. सँक्शन लेटरवर साफ १०.५ लिहिलेलं. मला वाटलं टायपिंगची चूक, पण अकाउंटंटने इंड एएसच्या पुस्तकांतला इफेक्टिव्ह रेट उचलला होता आणि त्यात फी आधीच मिसळलेली असते. पाच समान हप्त्यांच्या लोनवर १ टक्का फी म्हणजे रेटमध्ये साधारण ०.४ टक्क्याची वाढ, फरक बरोबर तेवढाच. फी दोनदा लागली होती. म्हणून एनपीव्ही काढायच्या आधी सँक्शन लेटर आणि तुमचा रेट शेजारी ठेवून बघाच, जुळत नसले तर फी कुठेतरी आत शिरलीय.

मग फी रेटमध्येच घालून का मोकळं होत नाही, असं वाटेल. काही पुस्तकं शेअरच्या किमतीतून खर्च वजा करून इक्विटीचा रेट वाढवतात, पण मग तो एकदाचा खर्च प्रत्येक वर्षाच्या कॅश फ्लोला चावत राहतो, आणि प्रोजेक्ट पंधरा वर्षांचा असला की पाच वर्षांच्या प्रोजेक्टपेक्षा कितीतरी जास्त दंड बसतो, इश्यूचा खर्च मात्र तोच. मी म्हणूनच रेट साधा ठेवते आणि खर्च आउटलेमध्ये टाकते.

एक्सेलमध्ये टाकताना शून्याव्या वर्षाचा आकडा `NPV` च्या कंसाबाहेर ठेवा, नाहीतर तोही एक वर्ष डिस्काउंट होतो:

```
=NPV(12%,C3:C7)+C2
```

`C2` मध्ये -511.36, खाली पाच वर्षांचे आकडे. आणि कंपनीकडे आधीच पडलेल्या पैशातून जो भाग येणार आहे त्यावर इश्यूचा खर्च लावू नका, तिथे काही काढावंच लागत नाही.